दुसरं प्रकरण कच्चं असलेल्या प्रबंधाचा अहवाल

प्रश्न: मास्टर्सच्या प्रबंधाचा परीक्षक म्हणून माझी ही पहिलीच वेळ. काम चांगलं आहे, किरकोळ दुरुस्त्या सांगून पास करावं असं वाटतं. पण पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचं प्रकरण फारच कच्चं आहे. तरीही ‘किरकोळ’ लिहिलं तर मी डोळेझाक केली असं होईल का? अहवालात हे मांडायचं कसं?

उत्तर:

डोळेझाक होणार नाही, पण त्या प्रकरणाचा कच्चेपणा पुढे कुठवर झिरपला आहे हे तुम्ही शोधलेलं असलं पाहिजे. आढावा मिटून ठेवा आणि पद्धत, विश्लेषण, चर्चा, निष्कर्ष ही प्रकरणं पुन्हा वाचा. आढाव्यात राहिलेली किंवा चुकलेली गोष्ट यातल्या कशाला धक्का लावते का, एवढंच बघत जा. ती चूक निस्तरायला नव्याने माहिती गोळा करावी लागणार असेल, विश्लेषण पुन्हा करावं लागणार असेल किंवा मुख्य निष्कर्षच बदलणार असेल, तर दुरुस्ती किरकोळ नाही, मग चूक चार ओळींची का असेना. यातलं काहीच लागणार नसेल, तर अख्खं प्रकरण विस्कळीत असूनही ती किरकोळच राहते. ‘किरकोळ’ची व्याख्या आणि मुदत विद्यापीठागणिक वेगळी असते, तेव्हा परीक्षकांसाठीची सूचनापत्रिका आधी वाचून घ्या.

माझ्याकडे आलेल्या एका प्रबंधाचं सांगते. विषय होता, धडा पुन्हा वाचणं आणि पुस्तक मिटून तो आठवून लिहिणं यांतलं काय जास्त टिकतं. दोन गट, एक चाचणी लगेच आणि दुसरी आठवड्यानंतर. मांडणी स्वच्छ होती. आठवड्यानंतर आठवून लिहिणारा गट पुढे होता, लगेचच्या चाचणीत मात्र पुन्हा वाचणारा गट थोडा वरचढ. आढाव्याचं प्रकरण चोवीस पानांचं, त्यात त्रेचाळीस संदर्भ, आणि प्रत्येकाला एक परिच्छेद. ‘अमुक यांच्या मते’ संपलं की ‘तमुक यांच्या मते’ सुरू. वाचून संपलं तरी या विद्यार्थिनीने हा प्रश्न का घेतला ते कळत नव्हतं.

मला सगळ्यात खटकलं ते रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006च्या अभ्यासाबद्दलचं वाक्य. ‘पुन्हा वाचण्यापेक्षा चाचणी दिल्याने अधिक लक्षात राहते,’ एवढंच तिने लिहिलं होतं. त्या अभ्यासाचा गाभा काळाच्या अंतरात आहे. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे 81 टक्के आठवलं आणि अभ्यासातच चाचणी म्हणून आठवून लिहिलेल्यांना 75. आठवड्यानंतर तेच आकडे 42 आणि 56 असे उलटले. हे आढाव्यात नसल्यामुळे चर्चेच्या प्रकरणात तिने स्वतःच्या लगेचच्या चाचणीचा निकाल ‘अनपेक्षित’ ठरवला आणि त्याचं खापर लहान गटावर आणि अपुऱ्या वेळेवर फोडलं. प्रत्यक्षात तिचा निकाल आधीच्या कामाशी जुळत होता.

म्हणजे चूक चर्चेतल्या दोन परिच्छेदांपर्यंत पोचली होती. पद्धतीपर्यंत ती गेली नव्हती, कारण दोन वेगळ्या अंतरांवर चाचणी घेण्याची मांडणी तिने केलेलीच होती. निष्कर्ष तर दुरुस्तीनंतर अधिक भक्कम होणार होता. माझा निर्णय इथेच झाला.

तरी तोंडी परीक्षेत मी तिला विचारलं, “आठवड्याचंच अंतर का घेतलंत?” तिने कागद न बघता विसरण्याचा वेग, लगेचच्या आठवणीचा भ्रम, सगळं नीट सांगितलं. समज होती, ती कागदावर उतरली नव्हती. असा एक प्रश्न जरूर विचारा. उत्तर देता आलं नसतं, तर कुणाच्या तरी मांडणीची नक्कल झाली आहे का, हे मला आणखी खोलात जाऊन बघावं लागलं असतं. तोंडी परीक्षा नसेल तिथे पद्धतीच्या प्रकरणातली कारणं वाचा. निवडीमागची कारणं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शब्दांत दिलेली असतील, तर बऱ्याचदा तेवढ्यावरून अंदाज येतो.

आता अहवाल. ‘आढावा अधिक सखोल करावा’ असं वाक्य कृपा करून लिहू नका. किरकोळ दुरुस्त्या बहुतेक ठिकाणी मार्गदर्शक किंवा अंतर्गत परीक्षक तपासतात, प्रबंध तुमच्याकडे परत येत नाही. दुरुस्ती झाली की नाही हे त्या व्यक्तीला तुमच्या वाक्यावरूनच ठरवता आलं पाहिजे. मी असं लिहिलं होतं:

“अनिवार्य 1. आढाव्यात रोडिगर व कार्पिक (2006) यांच्या निष्कर्षात काळाच्या अंतराचा परिणाम स्पष्ट करावा. त्यानुसार चर्चेच्या प्रकरणातील ‘अनपेक्षित’ निकालाविषयीचे दोन परिच्छेद पुन्हा लिहावेत. आकडेवारीत बदल अपेक्षित नाही.

अनिवार्य 2. एबिंगहाउस (1885) यांचे मूळ लेखन वाचलेले नसल्यास ज्या ग्रंथातून माहिती घेतली त्याचा उल्लेख करावा.

अनिवार्य 3. आढाव्याच्या शेवटी दीड ते दोन पानांचा नवा भाग जोडावा: आधीचे अभ्यास कुठे एकमत आहेत, कुठे नाहीत, आणि प्रस्तुत प्रश्न त्यातून कसा निघतो.”

दुसऱ्या मुद्द्याचा संशय मला कसा आला तेही सांगते. एबिंगहाउस यांचा स्मरणावरचा मूळ जर्मन ग्रंथ संदर्भसूचीत होता, पण पानाचा आकडा कुठेच नव्हता आणि मुद्द्यांचा क्रम एका नंतरच्या आढावा-लेखाशी तंतोतंत जुळत होता. मी दर वेळी दहाएक संदर्भ कसेही उचलते आणि मूळ लेख काढून बघते. एखादा घसरला तर ती अनवधानाची चूक असू शकते. तीन-चार घसरले तर सगळी सूची तपासून घ्यायची अट घालते.

तिसऱ्या मुद्द्यावर मी बराच वेळ अडले होते. अख्खं प्रकरण नव्याने लिहायला सांगावं असं वाटत होतं. पण तसं लिहिलं की ‘पुरेसं झालं’ कुणी आणि कशावरून ठरवायचं? विद्यार्थिनी महिनोन्महिने अडकते आणि ‘किरकोळ’ हा शब्द नुसता नावाला उरतो. प्रकरणाची मुख्य उणीव धागा नसणं ही होती, आणि दोन पानांत तो धागा बांधता येत होता. परिच्छेदांची फेरमांडणी, भाषेची सफाई, आणखी वाचनाची नावं हे सगळं मी ‘सूचना, बंधनकारक नाहीत’ या वेगळ्या मथळ्याखाली दिलं. अनिवार्य आणि ऐच्छिक एकाच यादीत मिसळलं, तर विद्यार्थी घाबरून सगळंच करत बसतो किंवा सोपं तेवढं करून मोकळा होतो.

प्रकरण कच्चं असल्याची किंमत गुणांत धरा. गुण वेगळे द्यायचे असतील तर आढाव्याच्या निकषावर मी हात आखडता घेते आणि त्याचं कारण एका वाक्यात लिहिते. काम किती चांगलं आहे हे गुण सांगतात, आणि प्रबंध ग्रंथालयात जाण्याआधी त्यात काय बदलायलाच हवं हे दुरुस्त्या सांगतात. गुण कापले म्हणून दुरुस्तीचा वर्ग वाढवायचा नाही. उलट, दुरुस्ती किरकोळ आहे म्हणून गुणही भरभरून द्यायचे नाहीत.

अहवालाचं वजनही सांभाळा. तीन पानं आढाव्यावर टीका आणि शेवटी ‘किरकोळ दुरुस्त्यांसह मान्य’ असं झालं, तर परीक्षा मंडळ हमखास विचारणार की हे जुळतं कसं. म्हणून पहिल्याच परिच्छेदात निकाल लिहा आणि लगेच कारण: पद्धत व विश्लेषण ग्राह्य, आढाव्यातील त्रुटींचा निष्कर्षावर परिणाम नाही. मग चांगल्या प्रकरणांबद्दल नेमकं लिहा, आणि त्यानंतर आढाव्याकडे या.

दोन बाबतींत मात्र मी ‘किरकोळ’ लिहिणार नाही. प्रबंधाचा सगळा दावा ‘यावर आजवर काम झालेलं नाही’ यावर उभा असेल आणि ते झालेलं असेल, तर प्रश्नच नव्याने मांडावा लागतो आणि ती मोठी दुरुस्ती आहे. दुसरी बाब उचललेल्या मजकुराची. मध्येच भाषेचा पोत बदलतो, संदर्भ देण्याची पद्धत बदलते, तिथे थांबून मजकूर ताडून बघा. नक्कल दिसली तर तिला दुरुस्तीच्या यादीत घालू नका. अहवाल थांबवा, दोन्ही उतारे शेजारी शेजारी ठेवून परीक्षा विभागाला कळवा, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत विद्यार्थ्याशी किंवा मार्गदर्शकांशी त्यावर बोलू नका.