चिप्सच्या किसणीला हातमोजा हवाच, चालू यंत्राला मुळीच नको

प्रश्न: दर उन्हाळ्यात आई आणि वहिनी मिळून उपवासाचे बटाट्याचे वेफर्स घालतात. यंदा चिप्सच्या किसणीवर वहिनीच्या बोटाचं टोक कापलं गेलं. ऑनलाइन 'लेव्हल ५ कट रेझिस्टंट' हातमोजे दिसतात, ते खरंच कामाचे आहेत की नुसती जाहिरात? आणि तेच घालून किसणी, फूड प्रोसेसरची पाती हाताळली तर चालेल का?

उत्तर:

चिप्सच्या किसणीसाठी (दुकानात हिलाच स्लायसर किंवा मँडोलिन म्हणतात) बिनधास्त घ्या. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये वेफर्सच्या ऑर्डरी असतात, चारपाच जणी एकदम बटाटे पाडायला बसतात. हातमोजा घातल्याशिवाय मी कुणाला किसणीला हात लावू देत नाही. फक्त 'लेव्हल ५' या शब्दांवर भाळून घेऊ नका.

आधी बोट कापतं कसं ते बघा. विळीवरही पातं स्थिर असतं, पण ते डोळ्यांसमोर उभं असतं आणि बोटं त्याच्या दोन्ही बाजूंना असतात. किसणीवर पातं बटाट्याखाली झाकलेलं, आणि बोटं बटाट्याच्या बरोबर मागे, पात्याच्याच वाटेवर. बटाटा मोठा असतो तोवर काही होत नाही. तो दोन बोटं जाडीचा उरला की बोटांची टोकं कडेवरून खाली उतरतात. त्यात पिठूळ पाण्याने हात बुळबुळीत झालेला. पातं बोथट असेल तर बटाटा मध्येच अडतो, आपण नकळत जोर वाढवतो, आणि तो सुटतो तेव्हा सगळा जोर एकदम पुढे जातो. बोथट पात्याने जास्त कापतं ते यामुळेच. जखमही सुरीसारखी चीर नसते, बोटाची चकतीच निघते. दोन कडा जुळवून टाके घालावेत तर मध्ये कातडीच उरलेली नसते. म्हणून ती बराच वेळ वाहते आणि भरायलाही वेळ घेते.

किसणीबरोबर बटाटा धरायची प्लास्टिकची पकड येते, ती बहुतेक घरांत ड्रॉवरमध्ये पडून असते. कारण उघड आहे: लांबट बटाटा तिच्यात नीट बसत नाही, डुगडुगतो. यावर उपाय म्हणजे बटाट्याची एक बाजू सुरीने सपाट करायची, पकडीचे काटे त्या बाजूत रुतवायचे आणि दुसरी बाजू पात्यावर लावायची. हे जमत नसेल तर बटाटा बोटांच्या टोकांनी न धरता बोटं वर उचलून तळव्याने ढकला. आणि दोन बोटं जाडीचा तुकडा उरला की थांबा. आम्ही ते सगळे तुकडे पातेल्यात जमवतो, संध्याकाळी त्यांची भाजी होते. वेफर्स काही कमी भरत नाहीत.

आता हातमोजा. तो एचपीपीई नावाच्या प्लास्टिकच्या अतिशय चिवट धाग्याचा विणलेला असतो, काहींत स्टीलची बारीक तार किंवा काचेचा धागा मिसळलेला असतो. 'लेव्हल ५' हा आकडा बहुधा युरोपच्या EN 388 मानकातल्या जुन्या चाचणीचा असतो. तिच्यात एक छोटं गोल पातं हलक्या दाबाखाली कापडावर पुढेमागे फिरवतात. स्टील किंवा काच असलेल्या कापडावर ते पातंच बोथट होतं आणि हातमोज्याला फुकटचे पाचपैकी पाच मिळतात. म्हणून २०१६ मध्ये मानक सुधारलं आणि दुसऱ्या चाचणीचं अक्षर जोडलं, A ते F. या चाचणीत सरळ धारदार पातं एकदाच, दोन सेंटिमीटर ओढतात आणि किती दाबाला कापड कापलं जातं ते मोजतात. C म्हणजे साधारण एक किलो वजनाचा दाब, D म्हणजे दीड, E म्हणजे सव्वादोनच्या आसपास. किसणीवर बोट जसं सरकतं त्याच्या जवळ जाणारी चाचणी ही. हातमोज्यावर 4X43D असं काही छापलेलं असेल तर शेवटचं अक्षर बघा. D किंवा पुढचं असेल तर घ्या, अक्षरच नसेल तर सोडा.

दीड किलो फार वाटत असेल तर स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर हात ठेवून बटाटा किसताना दाबतो तसं दाबून बघा, काटा सहज त्याच्या पुढे जाईल. म्हणजे हातमोजा काही चिलखत नाही. पण बोट पात्याला टेकलं की जाळी अडते, झटका बसतो आणि तुम्ही हात मागे घेता. चकती जाण्याऐवजी फार तर ओरखडा येतो. तो झटका कळण्यासाठी हातमोजा बोटांना घट्ट बसायला हवा. सैल असला तर टोकाची रिकामी जाळी पात्यात जाते आणि बटाट्याबरोबर तिच्याही फोडी पडतात. एक धागा जरी कापलेला दिसला तरी तो हातमोजा बागकामाला द्या. खाण्याच्या कामाला काचेच्या धाग्याचा नकोच, तुटलेले तंतू पदार्थात जातात. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: एचपीपीई १५० अंशांच्या आतच वितळतं. तो हातमोजा घालून कढईचा कान धरायला जाऊ नका.

खोबरं-गाजराच्या साध्या किसणीवर हातमोजा जेमतेम उपयोगाचा. तिचे दात टोकदार आणि वर आलेले, ते जाळीत अडकतात, धागे ओढतात आणि ते धागे किसात मिसळतात. बोटांची पेरं सोलवटत नाहीत एवढंच. तिथे शेवटचा तुकडा तोंडात टाकणं हाच सोपा उपाय.

फूड प्रोसेसरचं मात्र वेगळं आहे. चालू यंत्रात हातमोजा घातलेला हात कधीच नको. फिरत्या पात्याला बोट लागलं तर ते कापतं, हातमोज्याचा धागा कापला गेला नाही तर तो गुंडाळला जातो आणि हात आत ओढतो. घरातल्या बऱ्याच जखमा मात्र यंत्र बंद असताना होतात. भांडं उलटं करून वाटण काढताना पातं सुटून हातावर येतं, किंवा सिंकमध्ये फेसाच्या पाण्याखाली पडलेलं पातं न दिसता मुठीत येतं. पातं आधी वरच्या प्लास्टिकच्या दांड्याला धरून बाहेर काढा, मग भांडं रिकामं करा. पातं सिंकमध्ये कधीच सोडू नका, हातात धरून लांब दांड्याच्या ब्रशने लगेच धुवून टाका. इथे हातमोजा चालतो, पण पात्याचं टोक विणीतून आत घुसू शकतं आणि ओला हातमोजा निसटतो, म्हणून भिस्त ब्रशवर ठेवा. मिक्सरच्या भांड्यात तर हात घालायचाच नाही: अर्धं भांडं पाणी, साबणाचा थेंब, दोनचार फेरे, की पातं साफ. चटणी अडकली तर आधी भांडं मोटरवरून उचला, मगच चमचा घाला.

वहिनींच्या जखमेवर हळद भरली असेल तर आता आणखी भरू नका, डॉक्टरांना ती धुवूनच काढावी लागते. पुन्हा रक्त आलं तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरा आणि दहा मिनिटं मध्ये उघडून बघू नका. तरीही थांबलं नाही, किंवा टोक बधिर वाटत असेल, तर लगेच दाखवा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही डॉक्टरांना सांगा. जखम भरेपर्यंत वेफर्स तुरटीच्या पाण्यातून काढायचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या.