पंचेचाळिशीनंतरचा चेहरा आणि रेटिनॉल

प्रिय मुली,

राजारामपुरीतल्या तुझ्या पार्लरला येणाऱ्या ४६ वर्षांच्या त्या शिक्षिकांबद्दल तू विचारलंस. गाल सैल पडलेत, चेहरा मलूल दिसतो, कपाळावर खोल रेषा आहेत, आणि दुकानातून आणलेलं रेटिनॉल आठवडाभर रोज लावून चेहरा सोलवटलाय. रेटिनॉल वाईट नाही, घाई नडली. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर अशा जळजळीचे काळे डाग मागे राहतात, म्हणून आधी ते बंद करायला सांग.

दोन आठवडे सौम्य फेसवॉश, बिनसुगंधी साधं मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन, बस्स. साधं पाणी लागल्यावर चुरचुरणं थांबलं की त्वचा सावरली असं समज. मग कमी ताकदीचं, ०.१ ते ०.३ टक्क्यांचं रेटिनॉल आठवड्यातून दोनच रात्री. चेहरा धुतल्यावर पूर्ण कोरडा होऊ दे, कारण ओल्या त्वचेत ते जास्त मुरतं. आधी मॉइश्चरायझरचा पातळ थर, त्यावर अख्ख्या चेहऱ्याला मिळून मटारच्या दाण्याएवढं रेटिनॉल, वर पुन्हा मॉइश्चरायझर. पापण्या, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडायचे. सालं निघतात ती आधी तिथेच. महिनाभर त्रास झाला नाही तर तिसरी रात्र वाढव. थोडा कोरडेपणा चालेल, पण दुसऱ्या दिवशीही लाली आणि जळजळ राहिली तर पुन्हा मागे ये.

मलूलपणा आधी कमी होतो. रेषांमधला फरक दिसायला किमान तीन महिने लागतात, कारण कोलेजन हळूहळू बनतं. जबड्याखाली लोंबलेली त्वचा मात्र कुठल्याच क्रीमने वर जात नाही. तिथे आतली चरबी खाली सरकलेली आणि हाडही झिजलेलं असतं. मसाजने चेहरा उचलून देते असं सांगून पैसे घेऊ नकोस. भुवयांमधल्या खोल आठ्यांसाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठव.

त्या स्कूटरवरून शाळेत जातात ना? मग सनस्क्रीनशिवाय रेटिनॉल देण्यात अर्थ नाही. दोन बोटांवर लांब पट्टी निघेल एवढं चेहऱ्याला आणि मानेला, एसपीएफ ३० किंवा जास्त. कोल्हापूरच्या जुलैतल्या ढगांतूनही त्वचा सैल करणारे यूव्हीए किरण येतातच. वांग असतील तर रंग असलेलं, म्हणजे आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन घ्यायला सांग.

सुरू करण्याआधी पाळी चालू आहे का, दिवस जायची शक्यता आहे का, हे विचार; दिवस जायची शक्यता असेल तर रेटिनॉल नको. ‘गोरं करणारी’ क्रीम आणली असेल तर मागचं लेबल वाच. बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल दिसलं तर ते स्टेरॉइड आहे, त्याने त्वचा पातळ होते. त्यांना लगेच डॉक्टरकडे पाठव.

आणि वरच्या ओठाचं वॅक्सिंग करण्याआधी प्रत्येकीला ‘रेटिनॉल लावता का?’ एवढं विचार. लावत असेल तर आठवडाभर थांबवून मगच कर, नाहीतर केसांबरोबर कातडीही उचकटते. तोवर थ्रेडिंगवर भागव.

तुझी ताई