भरतीपूर्व मेडिकलचा गोषवारा लिहिताना डोळे, कान, फुफ्फुसं आणि फिटनेस कॅटेगरी यांचं नेमकं काय लिहायचं? आमचा एचआर एका ओळीत मागतो.

तो एका ओळीत मागतो म्हणून तुम्ही एका ओळीत लिहिलंत, तर काही वर्षांनी ती ओळ तुमच्याच गळ्यात येते. माझ्या आली. आधी ते सांगतो, मग तुमच्याकडे वळतो.

२०११. मिरजेत दवाखाना टाकून फार दिवस झाले नव्हते आणि कुपवाड एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी आठवड्यातून दोन दिवस जायचो. भरतीच्या दिवशी टाइम ऑफिसबाहेर पंधरा-वीस पोरांची रांग. छापील फॉर्मवर चार रकाने: डोळे, कान, छाती, शेरा. एकेक रकाना दोन बोटं रुंद. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळे फॉर्म पर्सनल मॅनेजरच्या टेबलावर हवेत, कारण ठेकेदाराला दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला माणसं आत घ्यायची असत.

त्यात विट्याचा एक जण होता, त्याला दत्ता म्हणू. वय ३४, उंची १६३ सेंटिमीटर, अंगानं काटक. फेटलिंगला लागणार होता. म्हणजे दिवसभर हातात ग्राइंडर, समोर कास्टिंग, कानाशी कर्कश आवाज आणि नाकातोंडाशी वाळूची धूळ. आधी काय करत होतास विचारलं तर म्हणाला, "मागावर होतो की ओ, नऊ वर्सं." यंत्रमागाच्या खात्यात नऊ वर्षं म्हटल्यावर मी ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या पट्टीचा आवाज किती मोठा केल्यावर ऐकू येतो ती चाचणी, जरा निवांत केला. आकडा मोठा तेवढं ऐकू कमी. उजव्या कानाचे आकडे असे आले: ५०० आणि १००० हर्ट्झला १५ डेसिबल, २००० ला २०, ३००० ला ३५, ४००० ला ५०, ६००० ला ४५ आणि ८००० ला परत ३०. डावा कान जवळपास तसाच. ४००० ला खड्डा आणि ८००० ला वर येणं, ही आवाजानं बिघडलेल्या कानाची खूण. वयानं ऐकू कमी येतं तेव्हा रेघ ८००० पर्यंत खालीच जात राहते, वर येत नाही.

आणि मी फॉर्मवर काय लिहिलं? "कान: नॉर्मल." कारण मला शिकवलेल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांचा नियम होता: ५००, १००० आणि २००० ची सरासरी काढायची, ती पंचविसाच्या आत असली की नॉर्मल, उगाच वाद नको. दत्ताची सरासरी आली १७. आकडे मी माझ्या खासगी डायरीत टिपून ठेवले, ते का, तर मनात पाल चुकचुकली होती. पण फॉर्मवर नाहीत. मशीनची पट्टी फॉर्मला टाचली आणि शेऱ्यात "फिट" लिहून शिक्का मारला. मागावरची नऊ वर्षं लिहायला तर रकानाच नव्हता.

२०१७ ला त्याची बायको मला गाठून म्हणाली, टीव्हीचा आवाज शेजारच्या घरात जातो, आणि हाक मारली तर वळत नाहीत. पुन्हा ऑडिओग्राम केला. ५०० आणि १००० ला २०, २००० ला ३५, ३००० ला ५०, ४००० ला ६५, ६००० ला ६०, ८००० ला ४५. आता गंमत बघा. तीच तीन आकड्यांची सरासरी आली बरोब्बर २५. म्हणजे आमच्या त्या नियमानं हा माणूस अजूनही नॉर्मलच! ज्याला "सात" म्हटलेलं "साठ" ऐकू येतं तो नॉर्मल. ती सरासरी शांत खोलीतलं बोलणं कितपत कळेल याचा अंदाज घ्यायला ठीक आहे. आवाजानं कान गेलाय का, हे तिला विचारायचंच नसतं, कारण नुकसान जिथं सुरू होतं ते ३००० ते ६००० तिच्यात नाहीतच.

पुढं नुकसानभरपाईचा विषय निघाला. कंपनी म्हणाली, याचे कान मागावरच गेलेत. दत्ता म्हणाला, मी आलो तेव्हा चांगले होते. दोघांचंही अर्धं खरं होतं, आणि ते अर्धं किती हे सांगणारा एकच कागद होता, माझा. मॅनेजर मला म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीच नॉर्मल लिहिलंय, आता आधीचं होतं कसं म्हणायचं?" दत्ता म्हणाला, "तुमीच लिवलंय न्हवं, कान चांगलं हायती म्हणून?" फाईल काढली. टाचलेली पट्टी पांढरीफटक. तो दुकानातल्या पावतीसारखा थर्मल कागद, सहा उन्हाळ्यांत सगळं उडून गेलेलं. फक्त टाचणीचा गंज शिल्लक. माझ्या डायरीला कोण विचारतो, तिच्यावर ना त्याची सही, ना कंपनीचा शिक्का. प्रकरण रेंगाळलं, त्यानं मिळालं ते घेतलं आणि पॅकिंगला गेला. तिथं ओव्हरटाइम नाही.

तर आता तुमचं. गोषवारा एक नसतो, दोन असतात. एक तुमच्या फाईलचा, पूर्ण आकड्यांचा, कामगाराच्या सहीचा. दुसरा एचआरचा, त्यात फक्त काम, श्रेणी आणि अटी. एचआरला ती एक ओळ जरूर द्या. त्याला कुणाचा रक्तदाब किंवा जुना टीबी कळायचं कारणच नाही. माझी चूक एवढीच की दोन्हीचा मी एकच कागद केला.

कानाचं लिहिताना दोन्ही कान वेगळे, प्रत्येक वारंवारितेचा आकडा, आणि चाचणीआधी किती तास आवाजापासून लांब होता ते. निदान १४ तास हवेत. रात्रपाळी करून थेट आलेल्या माणसाचा कान तात्पुरता बधिर असतो, तो आकडा मूळ आकडा म्हणून धरला तर पुढची सगळी तुलना वाया. कॅन्टीनच्या खोलीत चाचणी घेऊ नका. कळतं कसं? त्या दिवशीच्या सगळ्यांनाच ५०० ला ३०-३५ आलं असेल, तर दोष खोलीचा आहे, पंख्याचा नाहीतर शेजारच्या कॉम्प्रेसरचा. आणि मशीनची पट्टी त्याच दिवशी झेरॉक्स करा.

फुफ्फुसाचं. दत्ताची एफव्हीसी, म्हणजे एका दमात जोरानं फुंकून बाहेर काढलेली एकूण हवा, ३.२५ लिटर होती आणि मशीननं छापलं ७८ टक्के, "माइल्ड रिस्ट्रिक्शन". नवखा डॉक्टर इथंच घाबरून अनफिट लिहितो. मशीन युरोपियन माणसाच्या तक्त्यावर लावलेलं होतं, त्या हिशेबानं त्याच्या वयाउंचीला साधारण ४.१७ लिटर अपेक्षित. भारतीय तक्ता लावला की अपेक्षित ३.६५ च्या आसपास येतं आणि तोच माणूस ८९ टक्क्यांवर जातो. पहिल्या सेकंदाची हवा २.७५ लिटर, म्हणजे एकूण हवेच्या ८५ टक्के, नळ्या मोकळ्या. फुंकर तीच, तक्ता बदलला एवढंच. म्हणून टक्क्यांशेजारी लिटर लिहा आणि तक्ता कुठला तेही. तीन फुंकरा नीट हव्यात आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या दोन १५० मिलिलिटरच्या आत जुळायला हव्यात. जुळत नसतील तर "सहकार्य अपुरे, पुन्हा करणे" असं लिहा, आजार लिहू नका. बहुतेक वेळा बिचाऱ्याला कुणी सहा सेकंद फुंकत राहायला सांगितलेलंच नसतं. आणि फौंड्रीत छातीचा एक्स-रे पहिल्या दिवशीचा हवाच. सिलिकाचा त्रास वर्षांनी दिसतो, तेव्हा तुलनेला जुना फोटो लागतो. आधी टीबी होऊन गेला असेल तर ते ठळक नोंदवा, सिलिका आणि टीबी ही जोडी वाईट.

डोळ्यांचं थोडक्यात. चष्म्याशिवाय आणि चष्म्यासह वेगळं, लांबचं आणि जवळचं वेगळं. दत्ताचा उजवा ६/६, डावा ६/१८, पण बारीक भोकातून बघितल्यावर डावा ६/९. म्हणजे नंबरचा प्रश्न, डोळ्याचा आजार बहुधा नाही. भोकातूनही सुधारला नसता तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे. रंगांची चाचणी करा, पण फेटलिंगवाल्याला रंग न दिसल्यानं काही अडत नाही. इलेक्ट्रिशियनचं आणि क्रेनवाल्याचं अडतं.

श्रेणीत माझा आग्रह एकच: "फिट" हा शब्द कामाशिवाय लिहू नका. कशासाठी फिट? आज दत्ता समोर असता तर एचआरच्या कागदावर मी लिहिलं असतं: "फेटलिंगसाठी अटींवर योग्य. नंबरचा चष्मा आणि त्यावर बसणारा सुरक्षा गॉगल. इअरमफ सक्तीचे. धुळीसाठी रेस्पिरेटर. सहा महिन्यांनी कानांची फेरतपासणी, पुढे दरवर्षी." आणि फाईलच्या कागदावर: "यंत्रमागावर ९ वर्षे. दोन्ही कानांत ४००० हर्ट्झला खड्डा, आकडे सोबत. नोकरीपूर्वीचे." एवढ्या तीन वाक्यांनी दोघांचंही भलं झालं असतं. तात्पुरता अयोग्य लिहिलंत तर कशासाठी आणि कुठल्या तारखेला परत, हे लिहा, नाहीतर ते कायमचंच होतं. ए, बी, सी अशी अक्षरं कंपनीगणिक बदलतात, मी शब्दांत लिहितो.

दत्ताला तेव्हाच नाकारायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मला पटत नाही. मागावरची, फौंड्रीतली सगळी माणसं कानांवरून नाकारायची ठरली तर कुपवाडात पाळी भरणार नाही, आणि त्यांनी जायचं कुठं? नोंद करा, कान झाका, दरवर्षी मोजा.

दोन गोष्टी राहिल्या. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४१-सी कलमात धोकादायक प्रक्रियेतल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणं आणि त्या कामगाराला बघायला मिळणं, दोन्ही होतं; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या संहितेनं घेतली. त्या कायद्याच्या धोकादायक प्रक्रियांच्या यादीत फौंड्री होती. त्यामुळे त्याला प्रत देताना उपकार केल्यासारखं करू नका. आणि भरतीसाठी एचआयव्हीची चाचणी मागत असतील तर सरळ नाही म्हणा, २०१७ च्या कायद्यानं ती मनाई आहे.

मी बोलतोय ते फौंड्रीचं. तुमचा कारखाना हळदीचा, दुधाचा किंवा रसायनांचा असेल तर कानाऐवजी दम्याकडे, त्वचेकडे जास्त बघावं लागेल, तो अनुभव माझा नाही.

एवढं करूनही एचआर म्हणाला की आकडे फाईललाही नकोत, नुसतं "फिट" लिहा, तर ते त्याच्याकडून लेखी मागा. मी दोनदा मागितलं. दोन्ही वेळा ते पत्र आलं नाही, आणि आकडे फाईलला राहिले.