टोटल टॅली झाला तरी मार्क का जातात: ओसीआय आणि इक्विटीचा एक अनुभव

"मॅडम, मोठी गणितं मला येतात, चेंजेस इन इक्विटीचं स्टेटमेंटही टॅली होतं, पण 'खालील बाबी कुठे दाखवाल, कारणासह लिहा' असा छोटा थिअरी प्रश्न आला की अर्धे मार्क जातात. तीनदा पाठ केलं तरी ओसीआयमध्ये, म्हणजे अदर कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्कममध्ये, काय जातं आणि डायरेक्ट इक्विटीत काय जातं हे डोक्यात राहत नाही. माझं काय चुकतंय?"

नाशिकची मुलगी, सीए फायनलची तयारी, दिवसा आर्टिकलशिप आणि रात्री अभ्यास. मी तिला एवढंच म्हटलं की पाठांतराच्या वह्या घरीच ठेव आणि मार्क कापलेला सराव पेपर घेऊन ये. कारण माझा अनुभव असा की या टॉपिकमध्ये चुका इकडे तिकडे विखुरलेल्या नसतात, एकाच चुकीच्या समजुतीतून तीन चार चुका निघतात आणि ती समजूत पेपरवरच दिसते, विचारून कळत नाही.

पेपरमध्ये पाच बाबी होत्या. जमिनीचं पुनर्मूल्यांकन केलं आणि किंमत १२ लाखांनी वाढली. ग्रॅच्युइटीच्या अ‍ॅक्च्युरियल हिशोबात २ लाखांचा तोटा आला. शेअरहोल्डर्सना ८ लाख डिव्हिडंड दिला. नवे शेअर्स काढताना १ लाख खर्च झाला. आणि आधी पुनर्मूल्यांकन केलेला एक जुना प्लॉट विकला, त्याचा रिव्हॅल्युएशन सरप्लस ५ लाख पडून होता, त्याचं काय करायचं. तिने पहिल्या दोन बाबी ओसीआयमध्ये टाकल्या होत्या, बरोबर. डिव्हिडंडही ओसीआयमध्ये टाकला होता. शेअर इश्यूचा खर्च पी अँड एलमध्ये, म्हणजे नफा-तोट्याच्या हिशोबात. आणि प्लॉटचे ५ लाख ओसीआयमधून काढून पी अँड एलमध्ये नफा म्हणून घेतले होते.

मी विचारलं, डिव्हिडंड ओसीआयमध्ये का गं? ती म्हणाली, "मॅडम तो खर्च नाही ना, म्हणून पी अँड एलमध्ये नाही, मग दुसरं काय उरलं, ओसीआय."

बस, इथेच सापडलं. तिच्या डोक्यात ओसीआय म्हणजे उरलंसुरलं टाकायचा डबा होता. खरं तर उलटं आहे. उरलंसुरलं जातं पी अँड एलमध्ये. इंड एएस १ या अकाउंटिंग स्टँडर्डचा मूळ नियमच असा आहे की वर्षातलं सगळं उत्पन्न आणि खर्च पी अँड एलमध्ये घ्यायचा, एखादं स्टँडर्ड वेगळं सांगत असेल किंवा वेगळं करायची मुभा देत असेल तरच नाही. म्हणजे ओसीआयमध्ये प्रवेश नाव घेऊनच मिळतो, लग्नाच्या पंगतीत आमंत्रण असल्यासारखा. इंड एएस १६ ने रिव्हॅल्युएशनच्या वाढीचं नाव घेतलं, १९ ने ग्रॅच्युइटीसारख्या प्लॅनच्या रीमेजरमेंटचं घेतलं, २१ ने परदेशी शाखेच्या भाषांतरातल्या फरकाचं, १०९ ने काही गुंतवणुकींचं आणि कॅश फ्लो हेजच्या इफेक्टिव्ह भागाचं. नाव नाही, तर ओसीआय नाही.

इथे अजून एक समजूत बरीच मुलं घेऊन येतात की 'अजून प्रत्यक्ष हातात आलेलं नाही, म्हणजे ओसीआय'. हे पण टिकत नाही. कंपनीकडे एफव्हीटीपीएलमध्ये, म्हणजे किमतीतला बदल थेट पी अँड एलमध्ये घ्यायच्या गटात, धरलेले म्युच्युअल फंडाचे युनिट असतील आणि ३१ मार्चला त्यांची किंमत वाढली असेल तर विकले नाहीत तरी तो फायदा सरळ पी अँड एलमध्ये जातो, आणि डॉलरमधल्या कर्जावर वर्षअखेरच्या रेटने आलेला फरकही साधारण पी अँड एलमध्येच, पैसे दिले नसले तरी. म्हणजे अनरिअलाइज्ड असणं हे कारण होऊ शकत नाही, स्टँडर्डने काय सांगितलंय हेच कारण.

पण डिव्हिडंडचा प्रश्न अजून सुटलेला नव्हता, कारण डिव्हिडंड मुळात उत्पन्न किंवा खर्चच नाही. म्हणून मी तिला सांगितलं की पी अँड एल की ओसीआय या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न विचारायचा, समोर मालक आहे का, आणि तो मालक म्हणूनच आहे का? शेअर घेताना पैसे भरणारा, डिव्हिडंड घेणारा, बायबॅकमध्ये शेअर परत देणारा, हे सगळे मालक म्हणून वागतायत. त्यांच्याशी झालेला व्यवहार थेट चेंजेस इन इक्विटीच्या स्टेटमेंटमध्ये, पी अँड एल आणि ओसीआय दोघांच्या दारात न थांबता. शेअर इश्यूचा खर्चही त्याच व्यवहाराचा भाग, तो इक्विटीतूनच वजा होतो, तिच्या उदाहरणात सिक्युरिटीज प्रीमियममधून. मात्र तोच शेअरहोल्डर कंपनीला बाजारभावाने माल विकत असेल तर तो तिथे मालक नाही, सप्लायर आहे, मग तो खर्च नेहमीसारखा पी अँड एलमध्ये.

आता तिचा खरा प्रश्न, टॅली होतं तरी चूक कशी. म्हणून आम्ही एक छोटं उदाहरण बसून केलं, टॅक्स बाजूला ठेवून. सुरुवातीची इक्विटी २०० लाख: शेअर कॅपिटल १००, सिक्युरिटीज प्रीमियम २०, रिव्हॅल्युएशन सरप्लस ५, रिटेन्ड अर्निंग्स ७५. वर्षाचा नफा ३० लाख. नवे शेअर्स ३० लाखांचे, त्यात कॅपिटल २० आणि प्रीमियम १०. बाकी वरच्याच पाच बाबी.

बरोबर पद्धतीने नफा ३०, ओसीआय १२ वजा २ म्हणजे १०, टोटल कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्कम ४०. मालकांशी झालेले व्यवहार: ३० आले, खर्च १ गेला, डिव्हिडंड ८ गेला, म्हणजे २१. अखेरची इक्विटी २०० अधिक ४० अधिक २१, म्हणजे २६१.

मग तिच्या पद्धतीने केलं. नफा ३०, त्यातून इश्यूचा खर्च १ वजा, प्लॉटचे ५ अधिक, झाला ३४. ओसीआय १२ वजा २ वजा ५ वजा डिव्हिडंड ८, म्हणजे उणे ३. टोटल कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्कम ३१. मालकांकडून फक्त ३० आले. २०० अधिक ३१ अधिक ३०, परत २६१!

ती कागदाकडे बघतच राहिली. तीन चुका, आणि अखेरचा आकडा तोच. कारण सगळं शेवटी इक्विटीतच जाऊन मिळतं, कुठल्या रस्त्याने आलं ते शेवटच्या टोटलला कळत नाही. रस्ता कळतो मधल्या आकड्यांत. नफा ३० ऐवजी ३४, ओसीआय १० ऐवजी उणे ३, म्हणजे कंपनीने कमावलं ते जास्त दिसतंय आणि उगाच ओसीआयमध्ये तोटा दिसतोय. आणि थिअरीचा छोटा प्रश्न तुमचा रस्ताच तपासतो म्हणून तिथे मार्क जातात आणि मोठ्या गणितात टोटल बघून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. म्हणून मी सांगते की तपासायचं असेल तर अखेरची इक्विटी बघू नका, टोटल कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्कम बघा, आणि त्यात मालकाशी संबंधित एक रुपयाही शिरलाय का ते शोधा. तिच्या ४० आणि ३१ मधला ९ चा फरक म्हणजे बरोब्बर डिव्हिडंडचे ८ आणि इश्यू खर्चाचा १.

पण प्लॉटच्या ५ लाखांची चूक या तपासणीतही पकडली गेली नाही बघा, कारण तिने ते ओसीआयमधून काढले आणि नफ्यात घातले, बेरीज तीच. ही चूक वेगळ्या जातीची आहे. तो ५ लाखांचा फायदा ज्या वर्षी जमीन वाढली त्या वर्षीच ओसीआयमध्ये मोजून झालाय. प्लॉट विकल्यावर तो परत नफ्यात येत नाही, रिव्हॅल्युएशन सरप्लसच्या कॉलममधून रिटेन्ड अर्निंग्सच्या कॉलममध्ये सरकवता येतो, एका खिशातून दुसऱ्या खिशात, एकूण शून्य. तो फक्त इक्विटीच्या स्टेटमेंटमध्येच दिसतो.

तिने विचारलं, मग काही बाबी रीक्लासिफाय होतात त्या कुठल्या? होतात ना. परदेशी शाखेचा भाषांतरातला फरक ती शाखा विकल्यावर पी अँड एलमध्ये येतो, एफव्हीओसीआयमधले, म्हणजे किमतीतला बदल ओसीआयमध्ये घेतलेले, कर्जरोखे विकल्यावर त्यांचा साठलेला फायदा येतो, कॅश फ्लो हेजचाही हेज केलेल्या व्यवहाराचा नफ्यावर परिणाम झाला की येतो. जमीन, ग्रॅच्युइटी आणि एफव्हीओसीआय निवडलेले शेअर्स मात्र परत येत नाहीत. शेड्यूल तीनच्या डिव्हिजन दोनमध्ये ओसीआयचे हे दोन भाग वेगळे छापलेलेच आहेत, रीक्लासिफाय होणार नाहीत ते आधी आणि होणार ते नंतर, त्यामुळे उत्तरात जागा आणि कारण लिहून झालं की तिसरं वाक्य याबद्दलच लिहायचं.

ग्रॅच्युइटीबद्दल एक सांगायला हवं. इंटरला ती जुनी एएस शिकली होती आणि एएस १५ मध्ये अ‍ॅक्च्युरियल तोटा पी अँड एलमध्येच जातो, तिथे ओसीआय नावाचं काही नाहीच. त्यामुळे इंटरहून फायनलला आलेल्यांनी प्रश्नात इंड एएस लिहिलंय ना हे आधी बघावं. आणि इंड एएसमध्येही ग्रॅच्युइटीचं सगळंच ओसीआयमध्ये जात नाही, वर्षाचा सर्व्हिस कॉस्ट आणि निव्वळ व्याज पी अँड एलमध्येच राहतं, फक्त रीमेजरमेंट बाहेर जातं.

मग तिच्याकडून उत्तर परत लिहून घेतलं. जमिनीचं तिने लिहिलं: "१२ लाखांची वाढ ओसीआयमध्ये. इंड एएस १६ नुसार रिव्हॅल्युएशनची वाढ ओसीआयमध्ये घेऊन रिव्हॅल्युएशन सरप्लसमध्ये जमा होते, मात्र याच जमिनीची घट आधी पी अँड एलमध्ये घेतली असेल तर तेवढी वाढ पी अँड एलमध्ये. पुढे पी अँड एलमध्ये रीक्लासिफाय होत नाही." तीन वाक्यं, जागा, कारण आणि पुढचं काय. मधला 'मात्र' तिचा तिने टाकला, मी सांगितला नव्हता.

पंधरा दिवसांनी तिचा मेसेज आला, "मॅडम, रिडीम करावेच लागणारे प्रेफरन्स शेअर्स, त्यांचा डिव्हिडंड पण इक्विटीत ना? घेणारा शेअरहोल्डरच आहे की." मी लिहिलं, नाव शेअरचं असलं तरी पैसे ठरल्या तारखेला परत द्यावेच लागतायत आणि डिव्हिडंडही ठरलेला द्यावाच लागतोय, तर इंड एएस ३२ त्याला लायबिलिटी म्हणतं, मग घेणारा तिथे मालक नाही, सावकार आहे. मग तो डिव्हिडंड कुठे जाईल ते तूच सांग. दोन मिनिटांत उत्तर आलं: "फायनान्स कॉस्ट, पी अँड एल."