मटेरियल अँड मेथड्स चॅप्टर कॉपी करायच्या आधी हे वाच

अरे बाबा,

तुझा ड्राफ्ट काल रात्री वाचला. रिझल्ट्स छान आलेत, पण माती परीक्षणाचा पॅरा वाचताना वाटलं हे आपण आधी कुठंतरी वाचलंय. सिनियरच्या थिसिसमधून उचललायस ना? खरं सांग, रागावणार नाही, कारण मीही हेच केलं होतं.

माझ्या वेळी सेंद्रिय कर्बाचा पॅरा जसाच्या तसा उतरवला, त्यात लिहिलेलं '1 ग्रॅम माती'. मी मात्र लॅबमध्ये अर्धाच ग्रॅम घेतलेली, कारण आपल्या काळ्या मातीत कर्ब जास्त निघाला तर डायक्रोमेट जवळजवळ सगळंच संपतं आणि रीडिंगवर भरवसा राहत नाही. व्हायवात बाहेरून आलेल्या सरांनी कॅल्क्युलेटर काढला, ब्लँक 20 मिली, सँपल 18 मिली, द्रावण 0.5 नॉर्मल. म्हणजे फरक 2 मिली, गुणिले 0.5, गुणिले 0.003, गुणिले 100, भागिले मातीचं वजन. अर्ध्या ग्रॅमला 0.60 टक्के येतात, 1 ग्रॅम धरला तर 0.30. एकच माती, पण एकीकडे मध्यम आणि दुसरीकडे कमी! टेबलात 0.60 आणि वर वजन 1 ग्रॅम, मग सर म्हणाले, "तुम्ही केलंय की लिहिलंय?" तोंडात मारल्यासारखं झालं. कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला हे कधीच सापडलं नसतं.

म्हणून लॅबची वही उघड आणि तू काय केलंस तेवढंच लिही, किती माती, किती मिनिटं ठेवली, काय बदललं. मूळ पद्धतीला एक वाक्य पुरे, 'वॉकली आणि ब्लॅक (1934) यांच्या पद्धतीने, मात्र 0.5 ग्रॅम माती घेऊन'. उपलब्ध नत्राला सुब्बय्या आणि असिजा (1956), तेही तसंच. बाकी सगळी रेसिपी परत छापायची गरजच नाही, आणि आपोआप सिमिलॅरिटी पण खाली येते. यूजीसीच्या 2018 च्या नियमात 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही हे खरं, पण म्हणून 'घेतली' चं 'घेण्यात आली' करत बसू नकोस, त्यानं कॉपी ती कॉपीच राहते.

दुसरं, पानसे आणि सुखात्मे. तू 1967 लिहिलंयस, आणि मला पक्कं माहितीये की शिवाजीनगरला लायब्ररीत तू 1985 ची आवृत्ती घेऊन बसला होतास! जी हातात होती तिचंच साल टाक. आणि 1934 चा मूळ पेपर वाचला नसशील, नुसता दुसऱ्याच्या थिसिसमध्ये त्याचा उल्लेख पाहिला असशील, तर एकतर मूळ पेपर मिळव (दोन तास जातील, जाऊ देत) नाहीतर 'अमक्याने उद्धृत केल्याप्रमाणे' असं लिही आणि यादीत ज्याचं वाचलंस त्याचं नाव टाक. नाहीतर पान नंबरची चूक पण पिढ्यान्‌पिढ्या उतरत जाते, माझ्या थिसिसमध्ये अजून आहे एक.

शनिवारी वही घेऊन ये, चहा मी पाजतो, पहिले दोन पॅरे बसून करू.

तुझा,
दादा