काशीची संध्याकाळ: कोजागिरी ते दिवाळी

प्रिय,

काशीला चार दिवस जायचं, गंगेची आरती बघायची आणि घाटावर शांतही बसायचं, असं लिहिलं आहेस. दोन्ही जमेल, पण एका संध्याकाळी नाही. दशाश्वमेध घाटावरच्या आरतीला गर्दी असणारच. शांतता हवी असेल तर घाट आणि दिवस दोन्ही वेगळे निवडायला हवेत.

आधी दिवस. बरेच जण देवदिवाळी, म्हणजे कार्तिकी पौर्णिमा गाठतात. त्या रात्री सगळे घाट पणत्यांनी उजळतात हे खरं, पण पायरीवर पाय ठेवायला जागा नसते आणि नावेचं भाडं कैक पटींनी चढतं. माझं मत विचारशील तर कोजागिरी ते दिवाळी हा पंधरवडा धर. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे आपल्याकडे आश्विन वद्य चालू असतं तेव्हा तिथे कार्तिक लागलेला असतो. कार्तिकातले विधी सुरू झालेले, पण आपल्या सुट्ट्या अजून लागायच्या असतात. दिवाळीनंतर लगेच छठ येते आणि घाट पुन्हा भरतात.

या दिवसांतली एक अडचण मात्र लक्षात ठेव. पावसाळ्यात पाणी चढून खालच्या पायऱ्या बुडतात आणि ओसरताना जाड गाळ मागे राहतो. ऑक्टोबरात पंपाने पाणी मारून तो धुण्याचं काम काही घाटांवर चालू असतं. त्यामुळे काठाकाठाने सलग चालता येईलच असं नाही. मध्येच वर चढून गल्लीतून पुढच्या घाटावर उतरावं लागतं. वाळलेला वाटणारा गाळ वरून कडक आणि आतून निसरडा असतो, त्यावर पाय देऊ नकोस. मागे पट्टा असलेल्या चपला घाल.

आता वेळ. काशी मुंबई-पुण्याच्या बरीच पूर्वेला आहे. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात तिथे साडेपाचच्या आतबाहेर सूर्य मावळतो. शिवाय सगळे घाट पश्चिम तीरावर, तोंड पूर्वेला. म्हणजे सूर्यास्त नदीवर दिसतच नाही. सूर्य तुझ्या पाठीमागे, वाड्यांच्या आड जातो आणि चारनंतर घाटावर सावली पसरत जाते. ‘सहाला निघू’ असं आपल्या सवयीने ठरवलंस तर संधिप्रकाश हुकलाच म्हणून समज.

पहिली संध्याकाळ पंचगंगा घाटाला दे. दशाश्वमेधहून उत्तरेला, रमतगमत अर्ध्या तासाची वाट आहे. साडेचारला निघ. वाटेत मणिकर्णिका लागते. तिथे चिता जळत असतात. मोबाइल खिशात ठेव आणि न थांबता पुढे जा. ‘वरून चांगलं दिसतं’ म्हणत कोणी सज्जात नेऊ लागला, तर तो पुढे लाकडांसाठी दान मागणार. एकदाच ‘नको’ म्हण आणि चालत राहा. पुढे शिंदे घाट, मग नागपूरकर भोसल्यांचा घाट ओलांडलास की पंचगंगा.

तिथे उंच बांबू रोवलेले दिसतील. अंधारू लागलं की वेताच्या छोट्या टोपलीत तेलाचा दिवा ठेवतात आणि दोरीने हळूहळू वर ओढतात. दोरीला हिसका बसला तर दिवा विझतो, म्हणून हात सावकाश चालतो. टोपलीच्या विणीतून उजेड झिरपतो आणि वर गेल्यावर नुसता लुकलुकणारा ठिपका उरतो. हे आकाशदीप पितरांसाठी लावतात. फोटो काढायचा तर दिवा वर पोहोचल्यावर काढ, ओढणाऱ्याच्या अंगावर जाऊन नको. परतताना मणिकर्णिकेचा अंधारा काठ टाळ. वरच्या गल्ल्यांतून ‘चौक’ नावाचा बाजारभाग गाठ आणि तिथून रस्त्याने ये.

आरती दुसऱ्या संध्याकाळी, आणि तो वार सोमवार नसावा. विश्वनाथाच्या दर्शनाची गर्दी त्याच परिसरात ओसंडत असते. आरती अंधार पडल्यावर सुरू होते आणि पाऊण तासाच्या आसपास चालते. नेमकी वेळ ऋतूप्रमाणे बदलते, ती सकाळीच घाटावर विचार. पुजारी बराच वेळ नदीकडे तोंड करून असतात, म्हणून पायऱ्यांवर मागे बसणाऱ्याला पाठ दिसते आणि नावेतून चेहरा. नाव घे, पण भाडं माणशी की पूर्ण नावेचं, आणि उतरवणार कुठे, हे बसण्याआधी पक्कं कर. नावा एकमेकींना खेटून उभ्या राहतात. मधल्या रांगेत अडकलास तर पुढच्या हलेपर्यंत सुटका नाही, म्हणून नावाड्याला कडेला, बाहेरच्या बाजूला उभं राहायला सांग. दृश्य थोडं तिरकं दिसेल, पण हवं तेव्हा निघता येईल. आरती संपायच्या पाच मिनिटं आधी नाव वळव आणि दक्षिणेला केदार घाटावर उतर. दशाश्वमेधजवळच्या गोदौलिया चौकातली रेटारेटी त्याने चुकते.

तिसरी संध्याकाळ मोकळी ठेव. पहिल्या दिवशी पाऊस आला किंवा गाडी उशिरा पोहोचली, तर पंचगंगेसाठी ती हाताशी राहील.

सस्नेह