पाच बॅचचं रोस्टर करताना आधी चक्र ठरव

मित्रा, चाकणला २४ तास चालणाऱ्या प्लँटचं रोस्टर पहिल्यांदाच करतोयस, तर एक्सेलमध्ये नावं भरायची घाई नको करू. आठवड्याचे १६८ तास पाच बॅचमध्ये वाटले की प्रत्येकी ३३.६ येतात, चक्र कितीही दिवसांचं घेतलंस तरी ही सरासरी हलत नाही. चक्रावर ठरतं ते सुट्ट्या कुठे पडणार हे. रोज तीन बॅच कामावर, दोन घरी, म्हणून चक्र पाचच्या पटीत ठेव, नाहीतर एका फेरीत सुट्ट्या सारख्या वाटल्या जातच नाहीत.

साधं १० दिवसांचं बघ: दोन फर्स्ट, दोन सेकंड, दोन नाईट आणि चार सुट्ट्या (त्यातली पहिली नाईटची झोप काढण्यातच जाते, ती पूर्ण सुट्टी समजू नको). यात वार सरकत राहतात, एखाद्या आठवड्यात २४ तास भरतात तर एखाद्यात पूर्ण ४८, आणि नेमकं त्याच आठवड्यात कुणाला जादा बोलावलंस की ओटी लागलाच. शनिवार-रविवार जोडून १० आठवड्यांत तीनदाच मिळतात.

पोरांना जोडसुट्टी हवी असेल तर ३५ दिवसांचं चक्र कर, २१ ड्युट्या, १४ सुट्ट्या. रविवार वाढत नाहीत, पण शनिवारी-रविवारी त्याच दोन बॅच घरी ठेवल्या की दर पाच आठवड्यांत दोन जोड्या पक्क्या. मॅनेजमेंटने ४० तासांची सरासरी मागितली तर याच ३५ दिवसांत प्रत्येकाच्या चार जनरल शिफ्ट टाक, ट्रेनिंग किंवा रजेच्या बदलीसाठी, सुट्ट्या १० उरतात म्हणजे आठवड्याला दोन.